देवघरातली मूर्ती विकताना

हिंगोली जिल्ह्यातलं सिद्धेश्वर बाहेरच्यांना माहीत आहे ते पूर्णा नदीवरच्या धरणामुळे. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे इथल्या जुन्या घरांत कागद सापडलेच तर ते उर्दूत नाहीतर मोडीत असतात, आणि पुष्कळ घरांत ते सापडतच नाहीत. अशा घरातली एक मूर्ती डोळ्यांपुढे आणू. ओतीव पितळेची, वीतभर उंच, मागे प्रभावळ, बैठकीवर झिजलेली अक्षरं. पणजोबांच्या आधीपासून ती देव्हाऱ्यात आहे. आता एक जाणकार ग्राहक तिचे चाळीस लाख द्यायला तयार आहे. आकडा हिशेबापुरता घेतला आहे, मात्र अशा वेळी घराघरांत निघणारे प्रश्न खरे आहेत. ते मांडायला दोन माणसं घेऊ. एक थोरले काका, ज्यांच्या देव्हाऱ्यात मूर्ती आहे. दुसरी त्यांची पुतणी, हिंगोलीत करसल्ल्याचं काम करणारी. दोघंही काल्पनिक आहेत, त्यांचं म्हणणं मात्र नाही.

काकांचा पहिला मुद्दा सरळ आहे. “वस्तू बापजाद्यांची. मी काही धंदा करत नाही, घरातली चीज विकतोय. जुनी सायकल विकली तर सरकार कर मागतं का?” या प्रश्नात अर्धं सत्य आहे. घरात वापरायच्या वस्तू, म्हणजे कपडे, भांडी, फर्निचर, करापुरत्या ‘भांडवली मालमत्ता’ समजल्या जात नाहीत. त्या विकून फायदा झाला तरी कर नाही. पण या सवलतीतून दागिने आधीपासूनच बाहेर होते, आणि २००७ च्या दुरुस्तीने पुरातत्त्वीय संग्रह, रेखाचित्रं, चित्रं, शिल्पं आणि कोणतीही कलाकृतीही बाहेर काढली गेली. मूर्ती शिल्पात मोडते. काका म्हणणार, “पण ती पूजेत आहे, रोज तिला स्नान घालतो.” हा युक्तिवाद त्या दुरुस्तीच्या कितीतरी आधी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे. धोलपूरच्या हेमंतसिंहजींच्या प्रकरणात लक्ष्मीपूजनाला मांडली जाणारी चांदीची नाणी आणि विटा वैयक्तिक वापरातल्या आहेत असं सांगितलं गेलं होतं. १९७६ मध्ये न्यायालयाने ते अमान्य केलं. रोजच्या वापराशी वस्तूचं जवळचं नातं हवं, पूजेत मांडली एवढ्याने ते सिद्ध होत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. तेव्हा कर आहे का, या प्रश्नाचं उत्तर ‘आहे’ असंच आहे.

पुतणी मात्र इथे काकांच्या बाजूचं एक वाक्य बोलते, आणि ते महत्त्वाचं आहे. “काका, वारसा मिळाला त्याच्यावर कर नाही. तुमच्या वडिलांकडून तुमच्याकडे मूर्ती आली तो दिवस करमुक्तच. कर लागतो तो तुम्ही विकाल तेव्हा, आणि तोही सगळ्या पैशावर नाही, नफ्यावर.” नफा काढायचा तर खरेदीची किंमत लागते, आणि ती वारसाने स्वतः दिलेली नसते. कायदा म्हणतो, ज्या पूर्वजाने ती खरी मिळवली त्याची किंमत धरा. शंभर वर्षांपूर्वी हाली शिक्क्यात काय मोजलं ते कोण सांगणार? पण ते सांगावंच लागत नाही. वस्तू घराण्यात १ एप्रिल २००१ च्या आधीपासून असेल, तर त्या दिवशीची बाजारातली रास्त किंमत खरेदीची किंमत म्हणून धरता येते. पूर्वजांनी जितका काळ ती ठेवली तो काळही वारसाच्या खात्यात धरला जातो, म्हणून नफा दीर्घ मुदतीचा ठरतो. २३ जुलै २०२४ पासून अशा नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. महागाई धरून खरेदीची किंमत वाढवून घ्यायची जुनी सोय मूर्तीच्या बाबतीत उरलेली नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले, पण या हिशेबाची रीत तीच आहे.

आता हिशेब मांडू. विक्री चाळीस लाखांची. लिलाव करणाऱ्या संस्थेने चार लाख दलाली घेतली, ती विक्रीचा खर्च म्हणून वजा होते. नोंदणीकृत मूल्यांककाने २००१ ची किंमत सहा लाख ठरवली. नफा तीस लाख. त्यावर १२.५ टक्के म्हणजे तीन लाख पंच्याहत्तर हजार, वर चार टक्के उपकर पंधरा हजार. एकूण तीन लाख नव्वद हजार. बाकीचं उत्पन्न आणि ते जास्त असल्यास लागणारा अधिभार सोयीसाठी बाजूला ठेवला आहे. मूल्यांकन मुळीच केलं नाही आणि खरेदी शून्य धरली गेली, तर नफा छत्तीस लाख आणि कर चार लाख अडुसष्ट हजार. दोन्हींतला फरक अठ्ठ्याहत्तर हजारांचा आहे.

या फरकावरच माझं म्हणणं उभं आहे. मूर्ती विकायला निघालेला माणूस सगळी धडपड करतो ती २००१ ची किंमत चढवून घेण्यासाठी. काकांनाही कुणीतरी सांगितलेलं असतंच की, “सहा कशाला, सोळा लाख लिहून देणारा मिळेल.” दहा लाख चढवून वाचतात एक लाख तीस हजार. चढवलेला आकडा खोटा ठरला, तर ते एक लाख तीस हजार भरावे लागतातच, शिवाय उत्पन्न चुकीचं दाखवल्याबद्दल कराच्या दुप्पट, म्हणजे दोन लाख साठ हजारांपर्यंत दंड आणि व्याज. आयकर अधिकाऱ्याला आकडा पटला नाही तर तो खात्याच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवू शकतो. चांगला अहवाल कसा ओळखायचा? त्यात २०००-२००१ च्या सुमारास तशाच धातूच्या, तशाच आकाराच्या आणि काळाच्या मूर्ती कोणत्या लिलावात कितीला गेल्या याचे दाखले असतात, मूर्तीची आजची अवस्था लिहिलेली असते, मोजमाप आणि फोटो असतात. आजच्या चाळीस लाखांना कुठल्यातरी आकड्याने भागून मागे नेलेली किंमत हे मूल्यांकन नव्हे, आणि पहिल्याच प्रश्नाला ते कोसळतं.

खरी जोखीम दुसऱ्याच कागदाची आहे. मूर्ती कुटुंबाकडे केव्हापासून आहे याचा पुरावा नसेल तर काय होतं? खात्यात एके दिवशी चाळीस लाख जमा झाले आणि विचारल्यावर “वडिलोपार्जित आहे” एवढंच सांगता आलं, तर अधिकारी ती रक्कम स्पष्टीकरण नसलेलं उत्पन्न मानू शकतो. डिसेंबर २०१६ मध्ये अशा उत्पन्नावरचा कर ६० टक्के केला गेला. अधिभार आणि उपकर धरून तो ७८ टक्क्यांवर जाई, आणि तो नफ्यावर नाही, पूर्ण रकमेवर. चाळीस लाखांवर एकतीस लाख वीस हजार. मूल्यांकनाचा कागद अठ्ठ्याहत्तर हजार वाचवतो. मालकीची साखळी दाखवणारा कागद त्या दराने सत्तावीस लाखांहून जास्त वाचवत असे. तरी शंभरातले नव्वद जण पहिल्याच्या मागे धावतात, कारण दुसरा कागद आपल्याकडे आहेच असं त्यांना वाटत असतं.

काका म्हणतात, “आहेच की. वाटणीपत्रात लिहिलंय.” वाटणीपत्र काढलं की त्यात एक ओळ सापडते: देव्हारा व देव थोरल्याकडे. या ओळीत दोन अडचणी आहेत. पहिली, कोणते देव? वाटणीपत्रातला ‘देव’ आणि आज विकायला काढलेली मूर्ती एकच आहे हे त्या ओळीवरून कळत नाही. इथे जुने फोटो कामाला येतात. लग्नात, वास्तुशांतीत, गौरी-गणपतीत देव्हाऱ्यापुढे काढलेला एखादा फोटो, ज्यात मूर्ती ओळखू येते. मूर्तीची ओळख तिच्या दोषांत असते: प्रभावळीचा तुटलेला कंगोरा, गुडघ्याजवळची चेप, बैठकीचा वाकलेला कोपरा. जुन्या फोटोत आणि आजच्या फोटोत तीच खूण दिसली की साखळी जुळते. म्हणून आजचे फोटो समोरून, मागून, तळातून, अक्षरांजवळून काढायचे, बाजूला मोजपट्टी ठेवायची, वजन ग्रॅममध्ये आणि उंची सेंटिमीटरमध्ये लिहायची. एक सूचना इथेच. सण आला म्हणून चिंचेने घासायचं आता थांबवा. घासण्याने अक्षरं जातात, आणि किंमत पुष्कळदा त्या अक्षरांचीच असते.

अक्षरांना किती किंमत येते हे काकांनी वर्तमानपत्रात वाचलेलं आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या सोदबीजच्या लिलावात महाराष्ट्र सरकारने ४७ लाख १५ हजारांत मिळवली, आणि तिची ओळख पटली ती पात्यावरच्या देवनागरी लेखामुळे. “मग आपली पण लंडनला पाठवू,” असं काका म्हणतात. ते करता येत नाही. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने ‘पुरावस्तू’ आहे, ती देशाबाहेर नेण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारचा किंवा त्याने नेमलेल्या संस्थेचा. इतर कुणी नेली तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद. त्यामुळे लंडनचा भाव सिद्धेश्वरच्या मूर्तीचा भाव नाही. देशातच विकायची वस्तू देशातल्याच ग्राहकांच्या भावाने जाते, आणि २००१ चं मूल्यांकन करतानाही हेच लक्षात ठेवावं लागतं. परदेशी लिलावाचे दाखले तसेच्या तसे उचलले तर अधिकारी त्यावरच बोट ठेवेल.

हाच कायदा करासाठीही उपयोगी पडतो, ही गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. तो १९७६ च्या एप्रिलपासून लागू झाला, आणि दगड, धातू, हस्तिदंत, भाजलेली माती, लाकूड यांची शिल्पं, चित्रं आणि सचित्र पोथ्या पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदवायला हव्यात असं ठरलं. नोंदणीच्या दाखल्यावर वस्तूचा फोटो, वर्णन, मालकाचं नाव आणि तारीख असते. वडिलांच्या नावचा असा जुना दाखला निघाला, तर मूर्ती २००१ पूर्वीपासून घरात होती याचा त्याहून भक्कम पुरावा नाही. सरकारने स्वतः दिलेला कागद सरकारचंच दुसरं खातं सहसा नाकारत नाही. दाखला नसेल तर विक्रीआधी अर्ज करायचा. आणि विक्री झाल्यावर हस्तांतराची माहिती त्याच अधिकाऱ्याला कळवायची. नोंदणी किंवा ही सूचना टाळली तर शिक्षा होऊ शकते. घेणारा व्यापारी असेल तर त्याच्याकडे पुरावस्तूंच्या व्यापाराचा परवाना आहे का, हे पाहून त्याचा क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा.

काकांना हे आवडत नाही, आणि त्यांचा आक्षेप रास्त आहे. “नोंद केली की सरकार म्हणणार, आणून दे. देवळातली तर नाही ना, शेतात सापडली तर नाही ना, शंभर चौकशा.” चौकशी होईल हे खरं. केंद्राला जतनासाठी वस्तू मोबदला देऊन ताब्यात घेण्याचा अधिकारही आहे. पण मूळ प्रश्न नोंदणी टाळून सुटत नाही. पिप्रहवा इथे १८९८ मध्ये विल्यम पेपे यांनी उकरून काढलेली बुद्धावशेषांसोबतची रत्नं त्यांच्या वंशजांकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. वारसा उघड होता, लपवलेला नव्हता. तरी मे २०२५ मधला हाँगकाँगचा लिलाव भारत सरकारच्या नोटिशीमुळे पुढे ढकलावा लागला, आणि जुलैत ती रत्नं मुंबईच्या गोदरेज समूहाने घेतली म्हणून देशात परतली. वारसा म्हणजे मूर्ती तुमच्याकडे कशी आली याचं उत्तर. घराण्याकडे पहिल्यांदा ती कुठून आली हा प्रश्न वेगळाच राहतो. सिद्धेश्वरसारख्या धरणाच्या गावात तो अधिक नाजूक आहे. जलाशयातला गाळ शेतात आणताना किंवा नांगरताना मिळालेली वस्तू ही वारसा नाही. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू मिळाली तर १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याने ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. ती ‘पणजोबांची’ म्हणून विकणं हा करचुकवेगिरीपेक्षा वेगळा गुन्हा होतो. काकांच्या मूर्तीला देव्हाऱ्यातले फोटो आहेत. म्हणजे चौकशीची भीती त्यांना कमी आहे, फोटो नसणाऱ्याला जास्त.

वाटणीपत्राची दुसरी अडचण घरातली आहे. ‘देव थोरल्याकडे’ म्हणजे मालकी थोरल्याची, की फक्त पूजेचा मान त्याचा? मूर्तीला किंमत नव्हती तोवर हा प्रश्न कुणी विचारला नाही. चाळीस लाख म्हटल्यावर आत्या नांदेडहून फोन करणारच. मालकी एकट्या काकांची असेल तर नफाही एकट्याचा. पूजेचाच मान दिला असेल तर मूर्ती दोघा भावांची आणि बहिणीची सामाईक, आणि प्रत्येकाने आपल्या वाट्याचा नफा आपल्या विवरणपत्रात दाखवायचा. “पैसे माझ्या खात्यात घेतो, मग वाटून देतो,” असं काका म्हणतात, आणि पुतणी त्यांना इथे खरी अडवते. “तसं केलं तर चाळीसच्या चाळीस लाख तुमच्या नावावर दिसतील, काका. आत्याला दिलेले पैसे तुम्ही दिलेली भेट ठरतील आणि कर तुमच्याच माथी बसेल. आधी तिघांच्या सह्यांचं संमतिपत्र करू, त्यात मूर्तीचं मोजमाप आणि फोटो लावू, हिस्से लिहू, आणि ग्राहकाने तिघांच्या खात्यांत वेगवेगळे पैसे टाकावेत.” विक्रीनंतर केलेली वाटणी सोयीची वाटते, विक्रीआधी केलेली वाटणी खरी वाटते.

रोखीचा मोह इथूनच येतो. ग्राहक म्हणतो, निम्मे रोख घ्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे, आणि दंड रोख घेणाऱ्याला घेतलेल्या रकमेइतकाच होतो. वीस लाख रोख म्हणजे वीस लाख दंड. साडेबारा टक्के कर चुकवायला शंभर टक्के दंडाची जोखीम घेणं, यावर वाद घालण्यासारखं काही नाही. निम्मी रक्कम पावतीवर नसेल तर २००१ च्या मूल्यांकनापासून नोंदणीपर्यंतचे सगळे कागदही खोटे वाटू लागतात, हे आणखी नुकसान.

काकांचा शेवटचा प्रश्न मात्र बरोबर जागी लागतो. “कर देऊच, पण कायदेशीर वाचतो का?” वाचतो. विक्रीचा खर्च वजा जाता आलेली सगळी रक्कम, आपल्या उदाहरणात छत्तीस लाख, राहत्या घरात गुंतवली तर नफ्यावरचा कर माफ होतो. घर घ्यायचं तर दोन वर्षांत, बांधायचं तर तीन वर्षांत. विक्रीच्या एक वर्ष आधी घेतलेलं घरही चालतं. अर्धीच रक्कम गुंतवली तर अर्धाच नफा सुटतो. अट अशी की विक्रीच्या दिवशी त्या माणसाच्या नावावर, नवं घर सोडून, एकापेक्षा जास्त राहती घरं नसावीत. गावातलं वडिलोपार्जित घर आणि हिंगोलीतला फ्लॅट अशी दोन घरं आधीच नावावर असणाऱ्याला ही सवलत मिळत नाही, आणि हे बहुतेकांना विक्रीनंतर कळतं. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसे घरात गेले नसतील तर ते बँकेतल्या भांडवली नफा खात्यात ठेवावे लागतात. साध्या मुदत ठेवीत ठेवले तर सवलत जाते. जमीन विकणाऱ्यांना मिळते ती रोख्यांतल्या गुंतवणुकीची सवलत मूर्तीला नाही. ज्यांना घर घ्यायचं नाही त्यांनी विक्रीनंतरच्या आगाऊ कराच्या हप्त्यात, शेवटी १५ मार्चपर्यंत, कर भरून टाकावा. नाहीतर वर व्याज चढतं.

दोघांच्या वादात कराच्या तत्त्वावर पुतणी बरोबर आहे, काका नाहीत. पण काकांच्या धास्तीतलं एक खरं आहे: पुरावा देण्याचं ओझं विकणाऱ्यावर आहे, आणि खेड्यातल्या घरात पुरावा सहसा कपाटात नसतो, माणसांच्या आठवणीत असतो. त्या आठवणी सांगणारी माणसं आहेत तोवर त्यांची प्रतिज्ञापत्रं करून घ्यावीत, जुने फोटो मागवावेत, नोंदणीचा अर्ज द्यावा, संमतिपत्रावर सह्या घ्याव्यात, आणि मगच ग्राहकाला मूर्ती दाखवावी. विक्री झाल्यावरही फाइल बंद होत नाही. ज्या करवर्षात विक्री झाली ते संपल्यापासून सव्वाचार वर्षांपर्यंत, आणि दडवलेलं उत्पन्न पन्नास लाख किंवा त्याहून जास्त असल्याचा संशय असेल तर सव्वासहा वर्षांपर्यंत, खातं नोटीस काढू शकतं. तोवर एकही कागद टाकू नये.